दीड मीटरची लाट आणि सतरा सेकंद: एका स्वेलच्या शक्तीचा हिशेब

मे 2024 च्या पहिल्या आठवड्यात हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्र-माहिती संस्थेच्या इशाऱ्यावरून मुंबई महापालिकेनं सूचना काढली होती. 4 आणि 5 मेला समुद्रात अर्धा ते दीड मीटर उंचीच्या लाटा येतील, किनाऱ्यावर जाऊ नका, मच्छीमारांनी काळजी घ्यावी, असा तिचा आशय होता. अलिबागजवळ राहणारे माझे मामा आयुष्यभर होडीवर होते. त्यांचा लगेच फोन आला. "अरे, दीड मीटरच्या लाटेची कसली सूचना काढतात? आगोटीला याच्या दुप्पट लाट आम्ही अंगावर घेतो. वारा नाही, पाऊस नाही, आभाळ स्वच्छ. मग घाबरायचं कशाला?"

प्रश्न अगदी रास्त होता. सूचनेत लोकांच्या लक्षात राहिली ती उंची, आणि मामांनी तिची तुलना पावसाळ्यातल्या उंचीशी केली. लाट किती सेकंदांनी येते, म्हणजे तिचा आवर्तकाल, ही दुसरी बाजू राहूनच गेली. लाटेबरोबर किती शक्ती येते हे उंची आणि आवर्तकाल हे दोन आकडे मिळून सांगतात. त्या दोन आकड्यांवरून, खोल समुद्रात लाटेच्या माथ्याच्या दर मीटर लांबीमागे किती किलोवॅट पुढे सरकतात, ते काढता येतं. मामांना मी जो हिशेब सांगितला तोच इथे जरा सावकाश मांडतो.

आधी आकडे ठरवू. उंची सूचनेतलीच, वरच्या टोकाची, 1.5 मीटर. आवर्तकाल मी 17 सेकंद धरतो. दक्षिण महासागरातून आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्या अशा लाटा साधारण 15 ते 20 सेकंदांच्या घरातल्या असतात, म्हणून हा मधला आकडा. दूरच्या वादळातून सुटून, आपल्याला जन्म देणारा वारा मागे टाकून आलेल्या या गोलसर माथ्याच्या, लांबच लांब लाटांना स्वेल म्हणतात. केरळात या लाटा अचानक किनाऱ्यावर चढल्या की त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. वारा नसताना, आभाळ स्वच्छ असताना येतो म्हणून चोर. मामांनी फोनवर जे वर्णन केलं तेच या नावात आहे.

आता '1.5 मीटर' म्हणजे नेमकं काय ते पाहू, कारण पहिली चूक इथेच होते. समुद्रात कुठल्याही दोन लाटा सारख्या नसतात. म्हणून ठरावीक वेळातल्या सगळ्या लाटा मोजून, त्यातल्या सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांच्या उंचीची सरासरी काढतात. तिला लक्षणीय उंची म्हणतात आणि Hs असं लिहितात. अनुभवी खलाशी नजरेनं जी उंची सांगतो ती याच्या बरीच जवळ जाते. सूचनेतली, हवामान-अंदाजातली, किंवा समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या बोयावरची उंची बहुतेक वेळा हीच असते. म्हणजे लक्षणीय उंची दीड मीटर असताना अधूनमधून अडीच-पावणेतीन मीटरची एखादी लाट येणारच, आणि बऱ्याच लाटा मीटरभरापेक्षा लहान असणार.

शक्तीचा हिशेब दोन पायऱ्यांचा आहे. समुद्राच्या पृष्ठभागाच्या एका चौरस मीटरखाली किती ऊर्जा साठलेली आहे, ही पहिली पायरी. तो साठा किती वेगानं पुढे सरकतो, ही दुसरी. दोन्हींचा गुणाकार म्हणजे माथ्याच्या दर मीटरमागची शक्ती.

साठ्याची अर्धी ऊर्जा पाणी सरासरी पातळीच्या वर-खाली गेल्यामुळे असते आणि अर्धी पाण्याच्या हालचालीची. दोन्ही मिळून सूत्र असं:

```
E = ρ g Hs² / 16
```

ρ म्हणजे समुद्राच्या पाण्याची घनता, 1,025 किलो प्रति घनमीटर, आणि g म्हणजे गुरुत्व त्वरण, 9.81. आपल्या दीड मीटरसाठी उत्तर येतं सुमारे 1,414 ज्यूल प्रति चौरस मीटर. पन्नास किलोची जवळजवळ तीन पोती मीटरभर वर उचलायला लागते तेवढी ही ऊर्जा, दर चौरस मीटरमागे. यात आवर्तकाल कुठेच नाही हे लक्षात ठेवायचं. दीड मीटरची लाट पाच सेकंदांची असो की वीस सेकंदांची, साठा तेवढाच.

सूत्रातला 16 हा आकडा पाठ्यपुस्तक वाचून आलेल्यांना खटकतो, कारण तिथे 8 शिकवलेला असतो. 8 खरा आहे, पण एकसारख्या, आखीव लाटेसाठी, जिची प्रत्येक उंची तंतोतंत H आहे. खऱ्या समुद्राची Hs ही वरच्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. तीच उंची सगळ्या लाटांना लावली तर लहान लाटाही मोठ्या धरल्यासारखं होतं आणि ऊर्जा बरोबर दुप्पट निघते. हा घोटाळा इतका नेहमीचा आहे की कुणी लाटांच्या शक्तीचा आकडा दाखवला की मी आधी खालचा भाजक बघतो.

दुसरी पायरी वेगाची. इथे आणखी एक चकवा आहे. 17 सेकंदांच्या लाटेची खोल समुद्रातली लांबी, म्हणजे एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचं अंतर, सुमारे 451 मीटर भरते. एवढं अंतर 17 सेकंदांत कापायचं तर माथा सेकंदाला साडेसव्वीस मीटर धावतो, म्हणजे ताशी 95 किलोमीटर. हा वेग डोळ्यांना दिसतो, म्हणून ऊर्जाही त्याच वेगानं जाते असं वाटतं. ती जात नाही.

तळ्यात दगड टाकून बघा. कडी पसरत जाते, पण त्या कडीतल्या एका लाटेवर नजर ठेवली तर ती कडीच्या मागच्या बाजूला उगवते, पुढे सरकत मधून जाते आणि पुढच्या टोकाला पोहोचून नाहीशी होते. लाटांचा समूह म्हणून जी कडी आहे ती मात्र सावकाश जाते. खोल पाण्यात समूहाचा वेग माथ्याच्या वेगाच्या बरोबर निम्मा असतो, आणि ऊर्जा समूहाबरोबर जाते. त्याचं सूत्र:

```
Cg = g T / (4π)
```

17 सेकंदांसाठी हा वेग सेकंदाला 13.27 मीटर, म्हणजे ताशी सुमारे 48 किलोमीटर. आता साठा गुणिले वेग: 1,414 गुणिले 13.27, म्हणजे 18,764 वॅट. सोप्या आकड्यात 18.8 किलोवॅट, माथ्याच्या प्रत्येक मीटरमागे. दोन्ही पायऱ्या एकत्र लिहिल्या तर प्रचलित सूत्र मिळतं:

```
P = ρ g² Hs² Te / (64π)  ≈  0.49 Hs² Te   (kW/m)
```

यातला Te म्हणजे ऊर्जा-आवर्तकाल. तो काय असतो ते पुढे येतंच. कुणी भाजकात 16 ऐवजी 8 घेतला आणि वर समूहवेगाऐवजी माथ्याचा वेग घेतला, तर दोन्ही चुका मिळून उत्तर चौपट होतं आणि याच लाटेला 75 किलोवॅट चिकटतात.

18.8 किलोवॅट म्हणजे किती? शेतावरच्या पाच अश्वशक्तीच्या पंपाला पावणेचार किलोवॅट लागतात, तर असे पाच पंप चालतील एवढी शक्ती दर मीटरला. लाटेचा माथा शंभर किलोमीटर लांब असला, आणि अशा स्वेलचा तो सहज असतो, तर त्यावरून 1,880 मेगावॅट किनाऱ्याकडे सरकत असतात. कोयना प्रकल्पाची स्थापित क्षमता 1,960 मेगावॅट आहे. यातली शक्ती कुणाला काढून घेता येते की नाही हा वेगळा विषय. इथे फक्त वाहून येणारी शक्ती मोजतो आहोत.

मामांच्या मूळ शंकेचं उत्तर मात्र तुलनेत आहे. दुपारी किनाऱ्यालगत खारा वारा सुटतो आणि त्यावर चढणाऱ्या लाटा साधारण 6 सेकंदांच्या असतात. त्यांचीही उंची दीड मीटर धरू. साठा तोच, 1,414 ज्यूल. पण त्यांचा समूहवेग सेकंदाला फक्त 4.7 मीटर. म्हणून शक्ती 6.6 किलोवॅट. एकच माल, एक बैलगाडीवर आणि एक ट्रकवर. दोन्हींत पोती तेवढीच, पण गोदामाच्या दारात ताशी किती पोती उतरतात ते वाहनाच्या वेगावर ठरतं. स्वेल हा ट्रक आहे. 6 सेकंदांच्या लाटांनी 18.8 किलोवॅट आणायचे तर त्यांची उंची अडीच मीटर व्हायला हवी, आणि तेव्हा समुद्र असा खवळलेला, फेसाळलेला असेल की कुणाला सूचनेची गरजच पडणार नाही.

आगोटीच्या लाटेशीही तुलना करून पाहू, कारण मामांनी तीच केली होती. 3 मीटर लक्षणीय उंची, आवर्तकाल साडेआठ सेकंद. शक्ती येते 37.5 किलोवॅट. उंची दुप्पट म्हणजे वर्गाच्या नियमानं शक्ती चौपट असायला हवी, असं वाटतं. पण स्वेलचा आवर्तकाल दुप्पट असल्यामुळे निम्मा फरक भरून निघतो, आणि मेच्या स्वच्छ दिवशीची ती 'छोटी' लाट पावसाळ्यातल्या खवळलेल्या समुद्राच्या निम्मी शक्ती घेऊन येते. उंचीचा वर्ग आणि आवर्तकालाची पहिली घात, या दोन्हींचं वजन एकत्र पाहिल्याशिवाय तुलना होतच नाही.

आता ही शक्ती आली कुठून? दक्षिण महासागरात, चाळीस-पन्नास अंश दक्षिण अक्षांशाच्या पट्ट्यात, वादळं सतत पूर्वेकडे सरकत असतात, आणि मोठ्या वादळाखाली लक्षणीय उंची 10-11 मीटरांवर जाते. तिथून कोकण किनाऱ्याचं अंतर सुमारे 7,000 किलोमीटर. 11 मीटर आणि 13 सेकंद धरले तर वादळाखालची शक्ती मीटरला सुमारे 770 किलोवॅट होते. आपल्याकडे पोहोचले 18.8. चाळीसातला एक भाग. मग बाकीची ऊर्जा वाटेत विरली का?

बहुतेक विरलेली नाही, विखुरलेली आहे. हे 1963 मध्ये एका प्रयोगात स्पष्ट झालं. वॉल्टर मंक आणि फ्रँक स्नॉडग्रास या संशोधकांच्या गटानं न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत प्रशांत महासागरात ओळीनं मापन-केंद्रं उभारली आणि दक्षिणेकडच्या वादळांतून सुटलेल्या स्वेलचा अख्खा महासागरभर पाठपुरावा केला. वादळाच्या आसपासचा पट्टा ओलांडला की लांब आवर्तकालाच्या लाटांची ऊर्जा पुढे फारशी कमी होत नाही, असं त्यांना दिसलं. पाण्याची चिकटाई एवढ्या लांब लाटांना जवळजवळ अडवतच नाही.

विखुरणं दोन प्रकारे होतं. वादळातून लाटा पंख्यासारख्या वेगवेगळ्या दिशांना सुटतात. आपल्याकडे आलेली त्या पंख्याची एक पाकळी असते, आणि अंतर वाढतं तशी ती रुंदावत जाते. दुसरं विखुरणं वेळेत होतं. समूहवेग आवर्तकालाच्या प्रमाणात असल्यामुळे 20 सेकंदांच्या लाटा दिवसाला सुमारे 1,350 किलोमीटर जातात, 17 सेकंदांच्या 1,150 आणि 14 सेकंदांच्या 940. एकाच वादळातून एकाच दिवशी सुटलेल्या लाटांपैकी पहिल्या सव्वापाच दिवसांत पोहोचतात, मधल्या सहा दिवसांत आणि शेवटच्या साडेसात दिवसांत. वादळानं एका दिवसात टाकलेली ऊर्जा किनाऱ्यावर दोन-अडीच दिवसांवर पसरून येते. 770 चे 18.8 होतात ते मुख्यतः असे.

शक्तीच्या दृष्टीनं त्यात एक बारकावा आहे. सर्वांत आधी येणाऱ्या 20 सेकंदांच्या लाटा फार बुटक्या असतात, अर्धा मीटर किंवा त्याहूनही कमी. 0.5 मीटर आणि 20 सेकंद धरले तर शक्ती भरते अडीच किलोवॅटही नाही. पण त्या येताहेत म्हणजे मागून जड गाडी येतेय. सूचनेतल्या 'अर्धा ते दीड मीटर' या पट्ट्याकडे मी याच दृष्टीनं पाहतो.

इथवर सूत्र सरळ होतं. खरी अडचण येते प्रत्यक्ष मोजणी हातात घेतल्यावर, आणि ती आवर्तकाल कुठला घ्यायचा याची असते. माझ्या मते या विषयात सर्वांत जास्त चुका इथे होतात, आणि त्या लपून राहतात.

समजा, दुपारी तीनचा सुमार आहे. आपला स्वेल येतोच आहे: 1.5 मीटर, 17 सेकंद. त्यावर खाऱ्या वाऱ्याच्या लाटा चढल्या आहेत: 1 मीटर, 5 सेकंद. बोया या दोन्हींच्या बेरजेवर वर-खाली होतो. उंच्या थेट मिळवायच्या नसतात, त्यांचे वर्ग मिळवायचे असतात, कारण ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात असते. 2.25 अधिक 1 म्हणजे 3.25, त्याचं वर्गमूळ 1.8. बोया लक्षणीय उंची 1.8 मीटर दाखवेल.

खरी शक्ती सोपी आहे: स्वेलचे 18.8 आणि वाऱ्याच्या लाटांचे 2.5, मिळून 21.2 किलोवॅट. (दशांशात किंचित फरक पडतो, तो सोडून देऊ.) पण बोयाचा तक्ता बहुधा असं वेगळं करून देत नाही. त्यात एक Hs असते आणि एक-दोन आवर्तकाल. त्यातला एक असतो शून्य-छेद आवर्तकाल, म्हणजे पाण्याची पातळी सरासरी रेषा ओलांडून वर जाण्याच्या दोन लागोपाठ वेळांमधलं सरासरी अंतर. लहान, भरभर येणाऱ्या लाटा ही रेषा सारख्या ओलांडत राहतात, म्हणून हा आकडा त्यांच्याकडे ओढला जातो. आपल्या मिश्र समुद्रात तो सुमारे 7 सेकंद भरेल. तो सूत्रात घातला तर शक्ती येते 11 किलोवॅट. खऱ्याच्या जेमतेम निम्मी. आणि तक्त्याकडे बघून कुणाला स्वेल आहे याचा पत्ताही लागणार नाही: 1.8 मीटर, 7 सेकंद, नेहमीची दुपार.

दुसरा आकडा असतो शिखर-आवर्तकाल, ज्या आवर्तकालाला सर्वांत जास्त ऊर्जा आहे तो. स्वेलमध्ये ऊर्जा एका अरुंद पट्ट्यात एकवटलेली असल्यामुळे हे शिखर स्वेलवरच पडतं, समजा 18 सेकंदांवर. तो घातला तर येतात 28.7 किलोवॅट, खऱ्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं जास्त, कारण वाऱ्याच्या लाटांची ऊर्जाही आपण स्वेलच्या ट्रकवर चढवली. एकाच तासाच्या एकाच नोंदीतून 11 आणि 28.7 अशी दोन उत्तरं निघतात, आणि ती काढणारे दोघंही म्हणतात, आम्ही तेच सूत्र वापरलं.

बरोबर आकडा ऊर्जा-आवर्तकालाचा, Te. प्रत्येक घटकाच्या आवर्तकालाला त्याच्या ऊर्जेचं वजन देऊन काढलेली सरासरी म्हणजे Te. इथे 2.25 गुणिले 17 अधिक 1 गुणिले 5, भागिले 3.25, म्हणजे 13.3 सेकंद. 0.49 गुणिले 3.25 गुणिले 13.3 केलं की 21.2 परत मिळतात. मोजणाऱ्याकडे पूर्ण वर्णपट, म्हणजे कुठल्या आवर्तकालाला किती ऊर्जा आहे याची नोंद असेल, तर Te थेट निघतो. नसेल तर शिखर-आवर्तकालाला 0.9 नं गुणण्याची पद्धत आहे. ती एकाच वाऱ्यानं उठलेल्या समुद्राला बरी लागू पडते, पण स्वेल आणि वाऱ्याच्या लाटा एकत्र असताना तिच्यावर विसंबू नये. आपल्या उदाहरणात ती 16.2 देते आणि शक्ती पुन्हा पाचव्या हिश्श्यानं फुगते.

फसवणूक ओळखायची एक साधी खूण आहे. शिखर-आवर्तकाल शून्य-छेद आवर्तकालाच्या दुपटीहून बराच मोठा दिसला, तर समुद्रात दोन वेगळ्या लाटा आहेत असं समजावं आणि त्यांचा हिशेब वेगळा करावा. आपल्याकडे 18 आणि 7. एवढी तफावत एका वाऱ्याच्या समुद्रात नसते.

दुसरी मर्यादा 'खोल' या शब्दाची. वरचं सूत्र लाटेच्या निम्म्या लांबीपेक्षा खोल पाण्यात लागू होतं. 6 सेकंदांच्या लाटेची लांबी 56 मीटर, म्हणून तिला 28 मीटर पाणी पुरे. आपल्या स्वेलला लागतं 225 मीटर. मुंबईसमोर भूखंड मंच सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे, आणि त्याच्या संपूर्ण रुंदीत एवढी खोली नाही. म्हणजे किनारा दृष्टीपथात यायच्या कितीतरी आधी स्वेलला तळ जाणवू लागलेला असतो. वाऱ्याच्या लाटांना तेच पाणी अथांग असतं.

तळ जाणवला की समूहवेग बदलतो, आणि तो ज्या प्रकारे बदलतो ते मला पहिल्यांदा आकडेमोड केली तेव्हा अनपेक्षित वाटलं होतं. आपण समजतो की उथळ पाण्यात लाट मंदावते. माथा मंदावतोच. पण समूहवेग सुरुवातीला वाढतो. 17 सेकंदांच्या लाटेचा समूहवेग खोल पाण्यात 13.3 असतो, 100 मीटर पाण्यात तो 15.6 होतो, 20 मीटरला 12.2 आणि 10 मीटरला 9.2. समूहाला मागे ओढणारा तो 'निम्मा' हिशेब उथळ पाण्यात सुटत जातो आणि समूह माथ्याला गाठत जातो, म्हणून आधी वाढ दिसते.

शक्ती वाहती असते. घर्षण आणि वळण बाजूला ठेवलं तर ती तेवढीच राहते, म्हणून वेग वाढला की उंची कमी होते आणि वेग घटला की उंची वाढते. दीड मीटरचा आपला स्वेल मंचावर 100 मीटर पाण्यात 1.4 मीटरच्या आत येतो आणि 10 मीटर पाण्यात 1.8 मीटर होतो. आता कुणी किनाऱ्याजवळच्या 10 मीटर पाण्यातल्या बोयाची 1.8 मीटर उंची घेऊन खोल पाण्याचं सूत्र लावलं तर उत्तर 27 किलोवॅट येतं, जेव्हा प्रत्यक्षात 18.8 च वाहताहेत. आणि ते 18.8 देखील जास्तीत जास्त, कारण एवढ्या रुंद मंचावर तळाचं घर्षण आपला वाटा घेतं आणि उथळ-खोल भागांवरून लाटांची वाट वळते. केरळासमोर मंच बराच अरुंद आहे. तोच स्वेल तिथे जास्त ताकदीनं चढतो त्यामागे हेही एक कारण आहे.

शेवटचा मुद्दा छोटा आहे, पण त्यावरून आकडा निम्मा होऊ शकतो. 18.8 किलोवॅट हे माथ्याच्या एका मीटरमागे आहेत, किनाऱ्याच्या एका मीटरमागे नव्हेत. दक्षिण महासागरातला स्वेल कोकणाकडे दक्षिण-नैऋत्येकडून तिरका येतो आणि किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. लाटेची दिशा आणि किनाऱ्याचा लंब यांच्यात 60 अंशांचा कोन धरला तर किनाऱ्याच्या दर मीटरच्या वाट्याला निम्मेच, म्हणजे 9.4 किलोवॅट येतात. सकाळच्या तिरक्या उन्हात अंगणातल्या फरशीवर कमी ऊन पडतं, तसंच. नकाशावर किनाऱ्याची लांबी मोजून तिला 18.8 नं गुणणारे हे विसरतात.

एवढं ऐकून मामा म्हणाले, "तुझे ते सेकंद मला कुठून कळायचे? माझ्याकडे बोया नाही." पण या हिशेबातला आवर्तकाल ही एकच गोष्ट अशी आहे की ती किनाऱ्यावर उभं राहूनही मोजता येते. तळ जाणवला की लाटेची उंची, लांबी, वेग, दिशा सगळं बदलतं, पण आवर्तकाल बदलत नाही, कारण समुद्रात ताशी जेवढे माथे निघाले तेवढेच किनाऱ्याकडे पोहोचायला हवेत. मी त्यांना सांगितलं, "मामा, बाहेरच्या बाजूला, फुटण्याच्या आधी, एक खडक किंवा खुंटा नजरेत धरा. वारा पडलेला असताना, पहाटे. मोठी लाट त्यावर चढली की शून्य म्हणा आणि पुढचे दहा माथे मोजा. लहान खळखळ मोजू नका. लागलेल्या वेळेला दहानं भागा. असं तीन-चारदा करा."

"आणि सतरा आले तर?"

"तर तुमच्या दीड मीटरचा तीनदा विचार करून बघा. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा. आधी वीस आले आणि एकतीस-बत्तीस तासांनी सोळा आले, तर ती लाट सात हजार किलोमीटरवरून आलीय. हाच उतार दुप्पट वेळात झाला तर अंतर दुप्पट. उतार दिसलाच नाही, सेकंद वर-खाली नुसते नाचत राहिले, तर ते इथल्याच वाऱ्याचं आहे, आणि मग तुमचं नेहमीचं उंचीवरचं गणित चालेल."

मामांनी घड्याळ कुठलं घ्यायचं ते विचारलं आणि फोन ठेवला.